आरशातील प्रतिस्पर्धी : दयाळ आपल्याच प्रतिबिंबाशी पुनःपुन्हा का झुंजतो?

फाल्गुन सरत आला की डोंबिवलीच्या वस्तीत पहाटेच्या सुमारास दयाळाची शीळ ऐकू येऊ लागते. तारेवर, दूरदर्शनच्या जुन्या अँटेनावर किंवा एखाद्या शेवग्याच्या शेंड्यावर बसून काळ्या-पांढऱ्या रंगाचा हा नर शेपटी उभारून गात असतो. याच दिवसांत त्याचे दुसरे एक वर्तन अनेकांच्या पाहण्यात येते. इमारतीच्या आवारात उभ्या असलेल्या दुचाकीच्या आरशावर तो येऊन बसतो, वाकून काचेत पाहतो, पिसे फुलवतो आणि एकाएकी आरशावर चोच व पाय यांनी तुटून पडतो. क्षणभर दूर होतो व पुन्हा येतो. हा क्रम सकाळभर चालतो, दुसऱ्या दिवशीही चालतो आणि कित्येकदा काही आठवडे चालू राहतो. शेवटी दुचाकीचा मालक आरशावर फडके बांधून मोकळा होतो.

या वर्तनाचे सर्वसाधारण उत्तर सर्वांना ठाऊक आहे. पक्ष्याला आरशात दुसरा नर दिसतो आणि त्याला तो हुसकू पाहतो. हे उत्तर चूक नाही, परंतु ते अपुरे आहे. खरा दुसरा नर समोर आला असता तर झुंज काही मिनिटांत निकालात निघाली असती. मग आरशापुढील झुंज दिवसेंदिवस का चालावी? पक्षी हल्ला का करतो यापेक्षा तो थांबत का नाही, हाच खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. काचेशी पक्ष्यांचा संबंध दोन सर्वस्वी भिन्न प्रकारांनी येतो. घोडबंदर मार्गालगतच्या उंच इमारतींच्या काचांत आकाश आणि येऊरच्या डोंगरावरील झाडी प्रतिबिंबित होते. पक्षी त्या भासमान झाडीत शिरू पाहतो आणि पूर्ण वेगाने काचेवर आदळतो. येथे त्याला काचेत कोणी पक्षी दिसलेला नसतो, मोकळी वाट दिसलेली असते. असा आघात एकदाच होतो व बहुधा तोच प्राणघातक ठरतो. झुंजीचा प्रकार याहून निराळा. त्यात पक्षी जवळच्या आधारावरून थोडक्या अंतराची झेप घेतो, त्याच जागी परत परत येतो, काचेवर चोचीचे ओले डाग उमटतात आणि आरशाखाली व खिडकीच्या कट्ट्यावर विष्ठा साचते. काचेजवळ निपचित पडलेला पक्षी आढळला तर तो पहिला प्रकार आणि डागाळलेली काच व विष्ठेचे ओघळ आढळले तर दुसरा, असे सामान्यतः समजावे. कावळ्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. तावदानावर टकटक करणारा कावळा पुष्कळदा झुंजत नसतो, पोळीचा तुकडा मागत असतो. पितृपक्षात तर त्याची ही सवय आपणच दृढ करून ठेवलेली असते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या भागात प्रतिबिंबाशी झुंजताना दयाळाखेरीज सूर्यपक्षी, धोबी, बुलबुल इत्यादी पक्षीही आढळतात. या सर्वांत एक समान गुण असा की, निदान वर्षाच्या काही काळात तरी, ते जमिनीचा एक तुकडा आपला मानून त्याचे रक्षण करतात. आपल्या प्रश्नासाठी दयाळ हे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याच्या स्वरांचा आपल्या देशात बारकाईने अभ्यास झालेला आहे. भट्ट, कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी दयाळाच्या क्षेत्ररक्षक गीतांचे व हाकांचे केलेले वर्णन २००० साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या पक्ष्याच्या स्वरसंग्रहात केवळ गाणे नाही. क्षेत्राची घोषणा करणारी हाक आहे, धमकीची हाक आहे आणि शरणागतीची हाकही आहे. ही शेवटची बाब वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याभोवती फिरणार आहे.

भारतात दयाळाचा विणीचा हंगाम मुख्यतः मार्च ते जुलै असा असतो. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत मादी घरटे करते. अंडी उबविण्याचे काम तिचेच असते व क्षेत्राच्या रक्षणाचा भार प्रामुख्याने नर वाहतो. दोन नरांची गाठ क्षेत्राच्या सीमेवर पडते तेव्हा एकदम मारामारी होत नाही. आधी दुरून गाणे, मग जवळ येऊन पिसे फुलविणे, चोच वर करणे, शेपटी पसरणे, मग पाठलाग, आणि एवढ्यानेही भागले नाही तरच प्रत्यक्ष झटापट. ही पायऱ्यांची रचना अर्थपूर्ण आहे. प्रत्येक पायरीवर दोघांनाही एकमेकांविषयी काही कळते आणि दोघांपैकी एकाने माघार घेण्याची संधी प्रत्येक पायरीवर असते.

आता प्रतिस्पर्धी ओळखण्यासाठी पक्ष्याला किती थोडी खूण पुरते ते पाहू. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी युरोपीय रॉबिन पक्ष्यावर केलेले प्रयोग त्यांच्या १९४३ सालच्या ग्रंथात वर्णिले आहेत. पेंढा भरलेला रॉबिन क्षेत्रात ठेवला की क्षेत्राचा मालक त्याला धमकावी व त्याच्यावर तुटून पडे. परंतु लाल छातीच्या पिसांचा नुसता झुपका ठेवला, डोके नाही, पंख नाहीत, शेपटी नाही, तरीही काही पक्षी त्यालाच धमकावू लागले. उलट, पेंढा भरलेले पण छाती अद्याप तपकिरी असलेले पिल्लू ठेवले असता त्याकडे बहुधा दुर्लक्ष होई. पेंढ्याच्या रॉबिनवर हल्ला करणाऱ्या एका पक्ष्याची हकीकत तर विशेषच आहे. तो नमुना काढून घेतल्यावरही तो पक्षी परत आला आणि जेथे नमुना होता त्या रिकाम्या जागेवर, हवेत, चोची मारू लागला. एवढ्याशा खुणेने जेथे युद्ध पेटते तेथे आरशातील प्रतिमा तर रंग, आकार व हालचाल या तिन्ही बाबतींत परिपूर्ण असते. तेव्हा पहिला हल्ला होणे यात नवल नाही.

ही प्रतिमा काचेत केव्हा व किती स्पष्ट दिसते याचा थोडा हिशेब करणे उपयुक्त ठरेल. साधी स्वच्छ काच समोरून पडलेल्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के परावर्तित करते व उरलेला बहुतेक पलीकडे जाऊ देते. बाहेर सावलीतील उजेड १०,००० लक्स आणि खोलीच्या आतील भागात १०० लक्स आहे असे धरू. बाहेरील दृश्याचा काचेतून परतणारा वाटा १०,००० चे ८ टक्के, म्हणजे ८००. आतून बाहेर येणारा वाटा १०० चे सुमारे ९० टक्के, म्हणजे ९०. पक्ष्याच्या दृष्टीने प्रतिबिंब खोलीतील दृश्याच्या जवळजवळ नऊपट तेजस्वी झाले. आपल्याला आतून जी खिडकी वाटते ती बाहेरच्या दयाळाला आरसा वाटते. रात्री दिवा लागला की हा हिशेब नेमका उलटतो. तेव्हा आपल्याला काचेत आपलाच चेहरा दिसतो व पक्ष्याला आपली खोली दिसते.

या हिशेबावरून एका घरगुती उपायाची परीक्षाही होते. काळा किंवा गडद पडदा आतून ओढला तर खोली आणखी अंधारते व प्रतिबिंब अधिकच उठून दिसते. साध्या काचेला आतून पांढरा कागद चिकटविला तर बाहेरचा उजेड त्याच्यावर पडून परत येतो आणि प्रतिबिंब फिके पडते, म्हणजे उपाय निदान अंशतः लागू पडतो. मात्र काच रंगीत असेल तर तोही वाया जातो. कागदापर्यंत जाताना एकदा आणि परतताना पुन्हा एकदा प्रकाश त्या रंगीत काचेत शोषला जातो, आणि बाहेरील पृष्ठभागावरचे परावर्तन मात्र तसेच राहते. मोटारीच्या गडद काचांना व नव्या इमारतींच्या रंगीत तावदानांना आतून काहीही लावून उपयोग होत नाही तो यामुळे. झाकावयाचे ते बाहेरून झाकले पाहिजे.

वाहनाच्या आरशात परावर्तन काचेच्या अनेकपट असते, त्यामुळे उजेडाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तेथे लक्ष देण्याजोगी गोष्ट प्रतिमेचा आकार ही आहे. पुष्कळ आरसे किंचित बहिर्वक्र असतात आणि त्यांत वस्तू लहान दिसते हे वाहनचालकांना ठाऊक आहे. मग एवढ्याशा प्रतिस्पर्ध्याची दयाळाला धास्ती का वाटावी? वक्रता-त्रिज्या १.२ मीटर, म्हणजे नाभ्यंतर ०.६ मीटर असलेला आरसा घेऊ. पक्षी एक मीटर अंतरावर असताना प्रतिमा त्याच्या आकाराच्या ०.३८ पट भरते. तोच आरशाच्या कडेवर येऊन १० सेंटीमीटर अंतरावरून पाहू लागला की प्रतिमा ०.८६ पट होते. याचा अर्थ असा की, जेथे प्रत्यक्ष झुंज होते त्या अंतरावर बहिर्वक्र आरसाही जवळजवळ पूर्णाकृती शत्रू उभा करतो. शिवाय पक्षी जवळ येईल तसा हा शत्रू वाढत जातो. माझ्या मते पक्ष्याच्या दृष्टीने ही गोष्ट चिथावणीचीच ठरत असावी, मात्र हा केवळ तर्क आहे.

येथवर हल्ल्याचे कारण झाले. आता मूळ प्रश्न.

प्राण्यांच्या झुंजीचा गणिती विचार मेनार्ड स्मिथ व प्राइस यांनी १९७३ साली मांडला आणि पुढे १९८३ साली एनक्विस्ट व लायमार यांनी त्याला एक महत्त्वाचे रूप दिले. त्यांच्या मते झुंज ही एक प्रकारची मोजणी असते. झुंजणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याचे बळ आरंभी नीट माहीत नसते. प्रत्येक धमकी, प्रत्येक चढाई हे त्या बळाचे एक अदमासे मोजमाप होय. एका मोजमापात चूक फार असते, पण मोजमापे वाढत गेली की अंदाज पक्का होत जातो. आपण दुर्बळ आहोत अशी एकाची खात्री पटली की तो निघून जातो आणि झुंज संपते. दोघांच्या बळात अंतर मोठे असेल तर झुंज लवकर आटोपते. दोघे तुल्यबळ असतील तर ती लांबते व तीव्र होते.

हा नियम आरशापुढे लावून पाहावा. आरशातील दयाळ प्रत्येक क्षणी खऱ्या दयाळाइतकाच फुगलेला, तितकाच उंच आणि तितकाच चपळ असतो. खरा पक्षी एक पाऊल पुढे आला की तोही एक पाऊल पुढे येतो. मोजमापे कितीही झाली तरी दोघांतील अंतर शून्य ते शून्यच राहते. आपण हरलो असेही कळत नाही आणि जिंकलो असेही कळत नाही. ज्या तुल्यबळ अवस्थेत झुंज सर्वांत लांबावयाची, त्याच अवस्थेत हा पक्षी कायमचा अडकून पडतो.

शरणागतीच्या हाकेचे महत्त्व येथे दिसून येते. दयाळांच्या व्यवहारात झुंज थांबविणारी खूण प्रतिस्पर्ध्याकडून यावयाची असते. त्याने शरणागतीचा स्वर काढावा, पिसे मिटावीत, पाठ फिरवावी. आरशातील पक्षी पाठ फिरवितो, परंतु खऱ्याने पाठ फिरविली तरच आणि त्याच क्षणी. खऱ्याला ती पाठ दिसतच नाही. प्रतिमेला स्वतःचा आवाजही नाही. तिची चोच हलते तेव्हा स्वर खऱ्याच्याच कंठातून निघत असतो. ज्याच्या गाण्यावरून दुरूनच अंदाज बांधता यावा, ज्याच्याशी सीमा ठरवून पुढे सलोख्याने राहता यावे असा हा शेजारी नव्हे. तो मुका, अनोळखी आणि थेट घरट्याजवळ उगवलेला घुसखोर आहे. पुढे खरा पक्षी उडून दूर जातो तेव्हा प्रतिमाही नाहीशी होते. म्हणजे त्या क्षणी शत्रू हटल्याचा भास होत असणार. परंतु परत येऊन पाहावे तो शत्रू त्याच जागी हजर. झुंज थांबविण्याची यंत्रणा पक्ष्याच्या ठायी शाबूत आहे, पण तिला लागणारी सामग्री समोरून येणे बंद झालेले आहे. मला या वर्तनाचे मर्म येथे आहे असे वाटते. पक्षी निर्बुद्ध आहे म्हणून तो झुंजत राहतो हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

या अनिर्णीत झुंजीचा शरीरावर काय परिणाम होतो याविषयी एक सुंदर प्रयोग आहे, पण तो माशावर झालेला आहे. पक्ष्यांच्या बाबतीत विंगफील्ड आणि सहकारी यांनी १९९० साली असे प्रतिपादन केले होते की, नरांतील आव्हानामुळे टेस्टोस्टेरोन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते व ते पुढील झुंजीची तयारी करते. ऑलिव्हेरा आणि सहकारी यांनी मोझांबिक तिलापिया या माशाच्या नरांना त्यांच्याच प्रतिबिंबाशी झुंजावयास लावले. आपल्याकडे तळ्यांत व बाजारांतही आढळणारा हाच तो मासा. मासे आवेशाने झुंजले, परंतु खऱ्या झुंजीत अपेक्षित असलेली संप्रेरकांची वाढ झाली नाही. २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा निष्कर्ष असा की, संप्रेरकांचा प्रतिसाद झुंजण्याच्या श्रमाला नसून झुंजीच्या निकालाला, निदान निकालाच्या जाणिवेला असतो, आणि आरशात निकालच लागत नाही. हा निष्कर्ष जसाच्या तसा दयाळाला लावता येणार नाही. डेजार्डिन्स व फर्नाल्ड यांनी २०१० साली दुसऱ्या एका जातीच्या माशांत निराळे चित्र दाखविले. तेथे वर्तन व संप्रेरके यांत फरक आढळला नाही, परंतु आरशापुढील माशाच्या मेंदूच्या काही भागांत जनुकांची क्रियाशीलता वेगळी होती. इतके मात्र म्हणता येईल की प्रतिबिंब आणि खरा शत्रू हे शरीराच्या लेखी सर्वत्र एकसारखे नसतात.

‘तो मीच आहे’ हे पक्ष्याला कळतच नाही काय, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. गॅलप यांनी १९७० साली चिंपांझींवर केलेल्या प्रयोगापासून याची एक कसोटी रूढ झाली आहे. प्राण्याच्या अंगावर, त्याला आरशाविना दिसणार नाही अशा जागी, रंगाची खूण करावयाची आणि आरशात पाहून तो ती खूण स्वतःच्या अंगावर शोधतो का ते पाहावयाचे. २००८ साली प्रायर आणि सहकारी यांनी युरोपीय मॅगपाय पक्ष्यांपैकी काही या कसोटीला उतरल्याचे सांगितले. परंतु २०२० साली सोलर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला असता त्यांना पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी आपल्या गावकावळ्याविषयी भारतीय संशोधकांचा अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाद मिटलेला नाही. दयाळाच्या बाबतीत या वादावर फारसे काही अवलंबून नाही असे माझे मत आहे. स्वतःला न ओळखणारे असंख्य पक्षी आरशाकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि दयाळही विणीचा हंगाम सरल्यावर त्याच आरशाकडे दुर्लक्ष करतो. या अवधीत त्याचे आत्मज्ञान वाढलेले नसते, फक्त क्षेत्राची निकड कमी झालेली असते.

सवयीने हे वर्तन मावळावे असेही वाटते, कारण एकच उद्दीपक सतत समोर राहिला तर प्रतिसाद क्षीण होतो हा नियम सर्वपरिचित आहे. परंतु वस्तीतील आरसा सतत समोर राहत नाही. दुचाकी सकाळी स्थानकाकडे जाते व सायंकाळी परत येते. खिडकीतील प्रतिमा उजेडाप्रमाणे उगवते आणि मावळते. मधल्या खंडात क्षीण झालेला प्रतिसाद पुन्हा भरून येतो. प्रयोगशाळेतील पिंजऱ्यात जो आरसा लवकर जुना होतो, तो आवारात रोज नवा होतो, असे माझे अनुमान आहे.

डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या आवारात एका नर दयाळाचे असे छायायुद्ध चालले असता मी त्याच्या आवडत्या दुचाकीचे दोन्ही आरसे कापडी पिशव्यांनी झाकले. पहिल्या दिवशी तो झाकलेल्या आरशावर येऊन बसला, पिशवीच्या खाली वाकून पाहू लागला आणि एकदोन वेळा त्याने पिशवीवरच चोच मारली. लॅक यांच्या रॉबिनची आठवण व्हावी असाच तो प्रसंग होता. दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या मोटारीचा आरसा गाठला. तोही झाकल्यावर तो तळमजल्याच्या एका सरकत्या तावदानाकडे वळला. जुन्या घरांच्या लाकडी झडपा असत्या तर तेथे त्याला कोणी भेटले नसते. तावदानाच्या खालच्या भागावर बाहेरून साबणाच्या पाण्याचा जाड थर फासला, तेव्हा कोठे त्याचे येणे कमी झाले. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एकच आरसा झाकून भागत नाही, कारण पक्षी जागेशी नव्हे तर शत्रूशी झुंजत असतो व त्याला शोधीत फिरतो. आणि आच्छादन काही दिवस तसेच ठेवावे लागते, कारण जागेची आठवणही त्याला असते. तावदानावर चिकटविण्यासाठी मिळणारी ससाण्याची चित्रे या कामी निरुपयोगी होत. चित्राच्या बाजूस उरलेल्या काचेत शत्रू दिसतच राहतो.

हंगामावरून कारण ओळखण्यात एक सावधगिरी मात्र बाळगावी. डिसेंबरात येऊरच्या पायथ्याशी किंवा उल्हासकाठी एखादा करडा धोबी मोटारीच्या आरशाशी भांडताना दिसला तर त्याचा विणीशी संबंध जोडू नये. हा पक्षी आपल्याकडे हिवाळी पाहुणा आहे, त्याची वीण दूर उत्तरेत होते. परंतु धोबी कुळातील पक्षी हिवाळ्यात खाद्याच्या जागेचे रक्षण करतात, हे इंग्लंडमधील अभ्यासांत डेव्हिस व ह्यूस्टन यांनी १९८१ साली उत्तम रीतीने दाखविले आहे. तेथे नदीकाठच्या पट्ट्यावर वाहत येणारे कीटक वेचण्यासाठी एकेक धोबी आपला पट्टा राखीत असे. अशा पक्ष्याच्या झुंजीत नर-मादी हा भेद गौण ठरतो आणि मादीही आरशाशी झुंजू शकते. म्हणून निरीक्षणाची नोंद करताना जात, लिंग व तारीख यांबरोबरच त्या आवारात त्या पक्ष्याचे घरटे आहे की केवळ चारा आहे, हेही टिपून ठेवावे.